शयनगृहातील एसी : क्षमतेची निवड व मासिक वीजखर्चाचा अंदाज

(उच्च प्राथमिक शाळांतील गणित व विज्ञान शिक्षकांसाठी)

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शिक्षक-कुटुंबांनी राहत्या घरी वातानुकूलन यंत्र, म्हणजे रूढ भाषेत एसी, बसविला आहे किंवा बसविण्याचे मनात आणले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. रात्री दहा वाजेपर्यंत स्लॅब तापलेला राहतो. अशा स्थितीत ही इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र किती टनाचे घ्यावे आणि त्याने बिल किती वाढेल, या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा दुकानदाराच्या तोंडून घेतली जातात. वस्तुतः दोन्ही प्रश्न सहावी ते आठवीच्या गणिताने सुटणारे आहेत. प्रस्तुत लेखात ते एका खोलीच्या उदाहरणाने सोडवून दाखविले आहेत, आणि शेवटी वर्गात घेता येतील अशी काही उदाहरणे दिली आहेत.

१. टन म्हणजे काय?

एसीचा टन हे यंत्राचे वजन नव्हे. यंत्र खोलीतील किती उष्णता किती वेळात बाहेर टाकते, त्याचे हे माप होय. पूर्वी थंडावा बर्फाने मिळे, म्हणून मापही बर्फावरूनच पडले. अमेरिकेत प्रचलित असलेला २,००० पौंडांचा टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात दूर करणारे यंत्र एक टनाचे.

बर्फाची सुप्त उष्णता प्रति किलोग्रॅम ८० किलोकॅलरी असते, हे आपण वर्गात शिकवितो. ९०७ ला ८० ने गुणल्यास ७२,५६० किलोकॅलरी येतात, व त्यांस २४ ने भागल्यास ताशी सुमारे ३,०२३ किलोकॅलरी येतात. ताशी एक किलोकॅलरी म्हणजे १.१६३ वॅट. म्हणून एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट, आणि दीड टन म्हणजे सुमारे ५,२५० वॅट.

येथे एक गैरसमज टाळावा. हे ३,५०० वॅट म्हणजे यंत्र खात असलेली वीज नव्हे, ती यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता आहे. एसी उष्णता निर्माण करीत नाही, ती फक्त आतून बाहेर वाहून नेतो. म्हणून एक युनिट वीज खर्चून तो तीन, चार किंवा त्याहूनही अधिक युनिट उष्णता हलवू शकतो. हे गुणोत्तर पुढे वीजखर्च काढताना कामी येईल.

दुसरी गोष्ट अशी की, दुकानात ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व यंत्रांची क्षमता अगदी सारखी नसते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांच्या लेबलावर शीतन क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. कोणाचे दीड टन ५,२०० वॅटचे, तर कोणाचे ४,८०० वॅटचेही निघते. म्हणून टनाच्या शब्दावर न जाता लेबलावरील वॅट वाचावेत.

२. चौरस फुटांचा आडाखा कोठे चुकतो?

‘एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन, एकशेऐंशीपर्यंत दीड टन’ असा आडाखा बाजारात सांगितला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यात फक्त खोलीची जमीन मोजली जाते, आणि उष्णता जमिनीतून येत नाही. ती छतातून, भिंतींतून, खिडकीतून, फटींतून व आत झोपणाऱ्या माणसांतून येते. आपल्याकडे या सर्वांत मोठा वाटा उघड्या स्लॅबचा असतो.

साकोलीकडील एका घराचे उदाहरण घेऊ. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच आहे, म्हणजे सुमारे ३ मीटर, ३.६ मीटर व ३ मीटर. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, अर्थात सुमारे १०.८ चौरस मीटर. भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. पश्चिमेची लांब भिंत व एक आखूड भिंत बाहेरच्या अंगास आहेत, उरलेल्या दोन घराच्या आतल्या अंगास आहेत. पश्चिमेस चार फूट चौरस खिडकी असून तिला जाड पडदा आहे. खोलीत दोन मोठी माणसे व दोन मुले झोपतात. बाहेर ४४ अंश सेल्सिअस असता आत २६ अंश ठेवावयाचे आहेत.

अशीच खोली दोन ठिकाणी आहे असे समजू : एक वरच्या मजल्यावर, जिच्या डोक्यावर उघडी गच्ची आहे, आणि दुसरी तळमजल्यावर, जिच्या डोक्यावर दुसरी खोली आहे.

उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. पाच-सहा इंच जाडीतून ती उष्णता खाली उतरण्यास चार-पाच तास लागतात. म्हणूनच ऊन दुपारी एकला कडक असले, तरी खोलीचे छत सायंकाळी पाच ते सातच्या सुमारास सर्वाधिक तापते आणि रात्रीपर्यंत तापलेले राहते. त्या वेळी अशा स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे १०० वॅट उष्णता आत येते, असे धरणे व्यवहारात योग्य ठरते. वर दुसरी खोली असेल तर हेच मान २५ ते ३० वॅटपर्यंत उतरते. शांत झोपलेला मनुष्य सुमारे ७० ते ७५ वॅट उष्णता देतो. उरलेल्या बाबी याच रीतीने काढून पूर्णांकात मांडल्यास सायंकाळचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

| उष्णतेचे मूळ | वरचा मजला (वॅट) | तळमजला (वॅट) |
|---|---|---|
| छत | १,१०० | ३०० |
| बाहेरच्या दोन भिंती | ७५० | ७५० |
| आतल्या दोन भिंती | ३०० | ३०० |
| पडदा लावलेली खिडकी | ३०० | ३०० |
| चार माणसे | ३०० | ३०० |
| पंखा व दिवा | १०० | १०० |
| दार-खिडकीच्या फटींतून येणारी हवा | २०० | २०० |
| एकूण | ३,०५० | २,२५० |

आता यंत्राकडे वळू. त्याची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असता मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असता तेच यंत्र कमी उष्णता बाहेर टाकू शकते, कारण तापलेल्या हवेत आणखी उष्णता ढकलणे त्यास जड जाते. ही घट सुमारे सातव्या भागाइतकी धरावी. म्हणजे ३,५०० वॅटचे यंत्र आपल्या मे महिन्यात सुमारे ३,००० वॅटचेच काम करील, आणि ५,००० वॅटचे सुमारे ४,३०० वॅटचे.

निष्कर्ष आपोआप निघतो. तळमजल्याच्या खोलीस एक टन पुरेसे आहे, कारण २,२५० वॅटच्या गरजेवर ७५० वॅट शिल्लक राहतात. वरच्या मजल्याच्या तेवढ्याच खोलीस मात्र एक टन अपुरे पडते. तेथे गरजच ३,०५० वॅटची आहे, आणि दिवसभर तापलेल्या भिंती, गादी व कपाट थंड करण्यासाठी काहीच उरत नाही. तेथे दीड टन घ्यावे लागेल. दोन्ही खोल्यांचे क्षेत्रफळ एकच असता उत्तर मात्र निराळे आले, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात अवश्य आणून द्यावी.

३. आधी छत, मग यंत्र

वरील तक्त्यात सर्वांत मोठा आकडा छताचा आहे, म्हणून काटछाट तेथूनच सुरू करावी. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग दिल्यास स्लॅब ऊन कमी शोषतो. छतातून येणारी उष्णता त्यामुळे निम्मी झाली असे धरले, तर १,१०० च्या जागी ५५० वॅट राहतात व एकूण बेरीज २,५०० वर येते. म्हणजे वरच्या मजल्यावरही एक टनाचे यंत्र चालू शकते. तेलंगणा राज्याने २०२३ साली शीतल छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. त्यामागील विचार हाच आहे.

चुन्याला एक मर्यादा आहे. धूळ व पावसाने तो काळवंडतो, म्हणून दर वर्षी मार्च महिन्यात नवा हात द्यावा लागतो. हे होणार नसेल, तर दीड टनाचाच हिशेब धरावा.

लाभ झाला की नाही, हे शाळेतील साध्या तापमापीने पडताळता येते. चुना देण्यापूर्वीच्या एका निरभ्र दिवशी सायंकाळी सहा वाजता तापमापीचा फुगा छताच्या खालच्या पृष्ठभागास टेकवून, वर कापसाची घडी धरून, पाच मिनिटांनी नोंद घ्यावी. चुना दिल्यानंतर तशाच निरभ्र दिवशी त्याच वेळी पुन्हा नोंद घ्यावी. ज्वर मोजण्याची तापमापी या कामी वापरू नये.

कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराखालील खोलीस वरील हिशेब लागू पडत नाही. कवेलूंच्या फटींतून थंड हवा सतत निसटते, आणि टीन तर उन्हात तव्यासारखे तापते. अशा खोलीत आधी आतून बंदिस्त छत करून घेतल्याशिवाय कितीही टनाचे यंत्र लावले, तरी ते पुरे पडणार नाही.

४. लहान किंवा मोठे यंत्र घेतल्यास काय होते?

यंत्र लहान पडत असल्याची खूण सोपी आहे. २४ अंशांवर लावूनही दोन तासांनंतर पलंगाच्या उंचीवर ठेवलेली तापमापी २८-२९ दाखविते, आणि कॉम्प्रेसर क्षणभरही मंदावत नाही. मात्र असे दिसताच यंत्रास दोष देऊ नये. प्रथम आतील जाळी धुवावी, बाहेरील भागासमोर हवेला मोकळी वाट आहे की नाही ते पाहावे, आणि दाराखालची फट बुजवावी. तरीही फरक न पडल्यास मेकॅनिककडून गॅस तपासून घ्यावा. त्यानंतरही स्थिती तीच राहिली, तर क्षमता अपुरी आहे असे समजावे.

‘थोडे मोठेच घेतलेले बरे’ हा विचार मात्र आपल्या जिल्ह्यात विशेष महागात पडतो. एसी दोन कामे करतो : हवा थंड करणे आणि तिच्यातील ओल काढणे. ओल काढण्यासाठी यंत्र सलग चालावे लागते. गरजेच्या दुप्पट क्षमतेचे यंत्र काही मिनिटांतच ठरलेले तापमान गाठून थांबते, आणि ओल हवेतच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये, धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असता, अशा खोलीत अंग गार परंतु चिकट वाटते, व चादर सर्द लागते. इन्व्हर्टर प्रकारचे यंत्र आपला वेग कमी करू शकते, म्हणून त्यात हा दोष कमी असतो. परंतु त्याच्याही मंदावण्यास मर्यादा आहे.

याच कारणाने एसी चालू असता त्याच खोलीत कूलर लावू नये. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो, आणि तेच बाष्प पुन्हा पाणी करून बाहेर काढण्याचे काम एसीवर पडते. एक लिटर पाणी हवेतून काढणे म्हणजे सुमारे ६८० वॅट-तास उष्णता हलविणे होय. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर एकटा, खिडकी उघडी ठेवून, उत्तम काम देतो. मृग लागल्यावर हवा दमट झाली की तो निरुपयोगी ठरतो. ज्यांना वीजखर्च आवरावयाचा आहे, त्यांनी कोरड्या दिवसांत कूलर व दमट दिवसांत एसी अशी विभागणी करावी. दोन्ही एकत्र मात्र कधीही चालवू नयेत.

५. महिन्याला किती युनिट लागतील?

लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते वर्षाकाठी १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. समजा, एका दीड टनाच्या यंत्रावर ८०० युनिट लिहिले आहेत. ८०० ला १,६०० ने भागल्यास ताशी सरासरी अर्धा युनिट येतो. परंतु ही सरासरी सौम्य व कडक अशा सर्व दिवसांची मिळून आहे. मे महिन्यात प्रत्यक्ष वापर हिच्याहून अधिक होणार, हे गृहीत धरावे.

अधिक भरवशाची रीत म्हणजे स्वतःच्या मीटरचे वाचन. शेजारी किंवा नातलगाकडे तशाच खोलीत तसेच यंत्र असेल, तर खरेदीपूर्वीही ही रीत वापरता येते. एका रात्री एसी चालू असता दहा वाजता व सकाळी सहा वाजता मीटरवरील युनिटचा आकडा दशांशासह लिहून घ्यावा. दुसऱ्या रात्री एसी बंद ठेवून, पंखे व फ्रिज नेहमीप्रमाणे चालवून, त्याच वेळी वाचन घ्यावे. दोन रात्रींच्या वापरातील फरक हा एसीचा. पहिल्या रात्री ६.६ व दुसऱ्या रात्री १.८ युनिट आले असे समजल्यास एसीचा वापर ४.८ युनिट, म्हणजे आठ तासांस ताशी ०.६ युनिट होतो. वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीत चांगल्या प्रतीच्या इन्व्हर्टर यंत्रास मे महिन्यात एवढी वीज लागणे संभवनीय आहे.

सुटीच्या दिवसांत दुपारी दोन तास एसी लावला, तर त्या वेळी ताशी १.१ युनिट धरावे, कारण दुपारी बाहेरचे तापमान रात्रीपेक्षा बरेच अधिक असते. म्हणून दुपारचे २.२ व रात्रीचे ४.८ मिळून दिवसास ७ युनिट होतात. तीस दिवसांच्या बिलात २१० युनिट येतील.

६. त्या युनिटांचे मोल किती?

बहुतेक अंदाज येथे चुकतात. सामान्यतः मागील बिलाची रक्कम युनिटांनी भागून सरासरी दर काढला जातो, व त्याने एसीचे युनिट गुणले जातात. ही रीत सदोष आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, व त्यापुढील सर्वांत महाग. पंखे, दिवे व फ्रिज यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच भरून टाकलेले असतात. एसीचे युनिट त्या ढिगावर सर्वांत वर येऊन पडतात, म्हणून त्यांना वरचाच दर लागतो.

२०२४-२५ या वर्षाचे दर उदाहरणादाखल घेऊ. त्या वर्षी वीज आकार व वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यास युनिटमागे ५.८८ रुपये, दुसऱ्यास ११.४६ रुपये व तिसऱ्यास १५.७२ रुपये असा दर होता. या रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागते. इंधन समायोजन आकार दर महिन्यास बदलतो, म्हणून तो येथे वगळला आहे. स्थिर आकार एसीच्या युनिटांमुळे बदलत नाही, म्हणून तोही वगळला आहे. त्या वर्षानंतर दर बदलले आहेत. तेव्हा प्रत्येकाने आपल्या ताज्या बिलावरील दर घालून हा हिशेब पुन्हा करावा.

एसीशिवाय या घरात मे महिन्यात १४० युनिट लागतात असे समजू.

१४० युनिटांचा आकार : १०० × ५.८८ = ५८८ रुपये, अधिक ४० × ११.४६ = ४५८.४० रुपये. एकूण १,०४६.४० रुपये.

एसी लावल्यावर ३५० युनिट होतील. त्यांचा आकार : ५८८ रुपये, अधिक २०० × ११.४६ = २,२९२ रुपये, अधिक ५० × १५.७२ = ७८६ रुपये. एकूण ३,६६६ रुपये.

दोहोंतील फरक २,६१९.६० रुपये. त्यावर १६ टक्के शुल्क ४१९.१४ रुपये. म्हणजे एसीमुळे बिलात सुमारे ३,०३९ रुपयांची वाढ होईल, आणि एसीचा प्रत्येक युनिट सुमारे साडेचौदा रुपयांस पडेल.

हाच अंदाज सरासरी दराने केला असता काय झाले असते? १,०४६.४० रुपयांवर शुल्क धरून १,२१३.८२ रुपये, भागिले १४०, म्हणजे युनिटमागे ८.६७ रुपये. त्यास २१० ने गुणल्यास सुमारे १,८२१ रुपये येतात. खऱ्या वाढीपेक्षा हा आकडा १,२०० रुपयांहून अधिक कमी आहे. मासिक हप्त्यावर यंत्र घेणाऱ्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा याच ठिकाणी.

७. ताऱ्यांचा लाभ व तापमानाचा लाभ

टप्प्यांचे हे तत्त्व दुसऱ्या बाजूने उपयोगीही पडते. वाचविलेला युनिट हाही सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत महाग युनिट असतो.

लेबलावर आयएसईईआर नावाचा एक आकडा असतो. एक युनिट विजेत हंगामाच्या सरासरीने किती युनिट उष्णता बाहेर टाकली जाते, ते तो सांगतो. एका यंत्राचा आकडा ५ व दुसऱ्याचा ४ असेल, तर तेवढ्याच थंडाव्यास दुसऱ्यास सव्वापट वीज लागेल. आपल्या उदाहरणात २१० च्या जागी सुमारे २६२ युनिट. हे जादा ५२ युनिट तिसऱ्या टप्प्यात पडतात, व शुल्कासह एका मे महिन्यात सुमारे ९४८ रुपये वाढवितात. दोन यंत्रांच्या किमतीतील फरकास वर्षाच्या अशा बचतीने भागले, म्हणजे जादा किंमत किती वर्षांत वसूल होते ते कळते. मात्र जे कुटुंब वर्षातून केवळ पंधरा-वीस रात्रीच एसी लावणार, त्यास महाग यंत्र परवडेलच असे नाही.

ताऱ्यांची संख्या पाहताना लेबलावरील वर्षही पाहावे. निकष काही वर्षांनी कडक केले जातात, म्हणून जुन्या लेबलावरील पाच तारे व नव्या लेबलावरील पाच तारे एक नव्हेत. तुलना नेहमी आयएसईईआरच्या आकड्याने करावी.

तापमानाविषयी थोडेच सांगणे पुरे. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर लागतात, असा नियम आहे. तेथून प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे अनुमान आहे. २६ अंश व सोबत मंद पंखा ही झोपेसाठी पुरेशी योजना आहे. १८ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही वेळी यंत्र प्रारंभी सारख्याच जोराने चालते. १८ वर ते फक्त थांबत नाही.

८. खरेदीपूर्वी विजेची जोडणी

दीड टनाचे यंत्र कडक उन्हात दोन किलोवॅटच्या आसपास वीज ओढू शकते. २३० व्होल्टला हा प्रवाह नऊ अँपिअरच्या घरात जातो. म्हणून पंख्या-दिव्यांच्या तारेवर एसी जोडू नये. मीटरच्या फळीपासून तांब्याची जाड स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा पॉवर प्लग व खात्रीचे अर्थिंग, एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल, तर आधी महावितरणकडे भार वाढवून मागावा. ज्या गावांत सायंकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो, तेथे स्टॅबिलायझर घ्यावा, आणि तो किती व्होल्टपासून काम करतो ते त्यावरील पट्टीवर पाहावे. प्लग किंवा तार हातास गरम लागणे, एसी सुरू होताच दिवे मंदावणे, या धोक्याच्या खुणा आहेत. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे.

वर्गात घ्यावयाची उदाहरणे

(१) एका खोलीचा उघडा स्लॅब ४ मीटर लांब व ४.५ मीटर रुंद आहे. प्रति चौरस मीटर १०० वॅट धरून छतातून येणारी उष्णता काढा. चुना दिल्याने ती निम्मी झाल्यास किती वॅट वाचतील?
(उत्तर : १,८०० वॅट, ९०० वॅट)

(२) बाहेर ४५ अंश असता यंत्राची क्षमता एक सप्तमांशाने घटते. लेबलावर ४,९०० वॅट लिहिलेले यंत्र त्या वेळी किती वॅटचे काम करील?
(उत्तर : ४,२०० वॅट)

(३) एका घरात एसीशिवाय ९० युनिट व एसीचे १५० युनिट लागतात. लेखातील दरांनी एसीमुळे वाढणारी रक्कम शुल्कासह काढा.
(उत्तर : १,६६३.२० रुपये व शुल्क २६६.११ रुपये, एकूण १,९२९.३१ रुपये)

(४) विद्यार्थ्यांनी आपल्या घरचे ताजे वीजबिल आणून प्रत्येक टप्प्यात किती युनिट पडले ते लिहावे, आणि वापर १० युनिटांनी कमी झाला असता नेमके किती रुपये वाचले असते ते काढावे. ज्या घरी एसी नाही, तेथेही हे उदाहरण तितकेच लागू पडते. कोणाचे बिल मोठे व कोणाचे लहान, अशी तुलना वर्गात होऊ देऊ नये. फक्त रीत तपासावी.